भास, भ्रम आणि संभ्रम

मानसशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने परीक्षेआधी आपली उजळणीची वही मला चाळायला दिली. डाव्या रकान्यात इंग्रजी संज्ञा, उजव्यात मराठी. संवेदनाच्या प्रकरणात ‘इल्युजन’पुढे लिहिले होते ‘भ्रम’. मनोविकारांच्या प्रकरणात ‘हॅल्युसिनेशन’पुढे ‘भास, भ्रम’ आणि ‘डिल्युजन’पुढे ‘भ्रम, संभ्रम’. मनाने तिने काहीच लिहिले नव्हते. एक शब्द पाठ्यपुस्तकातला, एक स्किझोफ्रेनियावरच्या माहितीपत्रकातला, एक शब्दकोशातला. ज्याच्या त्याच्या जागी प्रत्येक शब्द चालतो. पण एका वहीत आल्यावर तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडले होते.

त्या तीन गोष्टी आधी वेगळ्या करू. अंधारात दोरी पडलेली असते आणि आपल्याला साप दिसतो. वेदान्ताने शतकानुशतके वापरलेले हे उदाहरण म्हणजे नेमके इल्युजन. बाहेर काहीतरी आहे, पण ते आहे त्याहून वेगळे जाणवते. हॅल्युसिनेशनमध्ये दोरीही नसते. खोलीत कोणी नाही, आवाज नाही, तरी माणसाला कुणीतरी आपल्याविषयी बोलताना स्पष्ट ऐकू येते. डिल्युजनमध्ये तर दिसण्या-ऐकण्याचा प्रश्नच नाही. ती समजूत असते. ‘शेजारी माझ्या जेवणात विष कालवतात’ असे एखाद्याला पक्के वाटते आणि कितीही पुरावे दाखवले तरी ते हलत नाही.

म्हणजे विचारायचे प्रश्न दोनच. ही जाणीव आहे की समजूत? जाणीव असेल, तर तिच्यामागे बाहेरची काही वस्तू आहे का? पहिल्या प्रश्नाने डिल्युजन बाजूला होते, दुसऱ्याने उरलेली दोन वेगळी होतात. इल्युजन आणि हॅल्युसिनेशन यांतली ही रेघ युरोपातही आपोआप आखली गेली नव्हती. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी १८३८ सालच्या आपल्या ग्रंथात ती ठळक केली.

आता मराठी शब्द या दोन प्रश्नांवर घासून पाहू. ‘भास’ आपण रोज वापरतो. मिक्सर चालू असताना बेल वाजल्याचा भास होतो. पण तिथे मिक्सरचा आवाज आहे, त्यातूनच बेल ऐकू आली. शास्त्राच्या भाषेत हे इल्युजन झाले. घरात शांतता असताना बेल ऐकू आली, तरी आपण ‘भास’च म्हणतो. बोलताना याने काही बिघडत नाही. डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांना ‘त्यांना भास होतात’ म्हणतात, ते योग्यच आहे. परीक्षेच्या वहीत मात्र एकटा ‘भास’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

‘भ्रम’ पहिल्याच प्रश्नाला अडतो. सामान्य मानसशास्त्राच्या पुस्तकात म्युलर-लायर यांच्या आकृतीला भ्रम म्हणतात: सारख्या लांबीच्या दोन रेषा, टोकांना बाण उलटसुलट काढल्यामुळे लहानमोठ्या दिसणाऱ्या. मनोविकारांवरच्या माहितीत ‘भास आणि भ्रम’ अशी जोडी येते, तिथे भ्रम म्हणजे डिल्युजन. एकीकडे डोळ्यांना दिसणारे, दुसरीकडे मनाने मानलेले. कोणते प्रकरण चालू आहे हे माहीत असेपर्यंत अर्थ लागतो. प्रश्नपत्रिकेत दोन्ही प्रकरणे एकत्र आली की लागत नाही.

सर्वांत फसवा शब्द ‘संभ्रम’. कोणती शाखा घ्यावी याचा संभ्रम पडतो, म्हणजे माणूस दोन बाजूंमध्ये अडकतो. डिल्युजन असलेल्या माणसाला तर शंकाच नसते. ज्या विकाराची खूण अढळ खात्री, त्याला अनिश्चितीचे नाव दिले तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेणार. शिवाय ताप मेंदूत गेल्यावर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेळ-काळाचे भान सुटते, त्या अवस्थेसाठी या शब्दाची गरज पडू शकते. तो आधीच खर्च करू नये.

‘गैरसमज’ किंवा ‘अंधश्रद्धा’ लिहून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. गैरसमज समजावल्यावर जातो. अंधश्रद्धा माणूस आपल्या समाजाबरोबर वाटून घेतो, आणि डिल्युजनच्या व्याख्येतच ही अट असते की ती समजूत त्या माणसाच्या समाजात किंवा संस्कृतीत सर्वसाधारणपणे मानली जाणारी नसावी.

शेवटी आम्ही तिन्ही संज्ञा एकाच पानावर घेतल्या. इल्युजनसाठी ‘संवेदनभ्रम’, म्हणजे चूक जाणिवेतली आहे हे शब्दातच आले. हॅल्युसिनेशनसाठी ‘निर्वस्तुभ्रम’. हा शब्द आधीपासून मराठीत आहे आणि ‘वस्तू नाही’ हे तो उघडच सांगतो. डिल्युजनसाठी ‘भ्रांती’ ठेवला आणि पुढे ‘पुराव्याने न हलणारी चुकीची समजूत’ एवढे जोडले. भ्रांती हा शब्द एकट्याने ते सारे पेलत नाही, हे मान्य करूनच. तिच्या नेमलेल्या पुस्तकातला शब्द यांहून वेगळा असेल तिथे तोच वर ठेवला, कारण उत्तरपत्रिका तपासणारा तोच शोधणार. पण एका संज्ञेला वहीभर एकच शब्द, आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

स्पर्धा परीक्षांसाठी हिंदी मार्गदर्शिका वापरणाऱ्यांनी इथे आणखी जपावे. आपल्याकडे ‘संवेदन’ म्हणजे पर्सेप्शन आणि सेन्सेशनला ‘वेदन’. हिंदीत ‘संवेदना’ सेन्सेशनसाठी येतो. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणूनच चूक कळत नाही.

शेजारी शब्दांशी गल्लत होते, तशी रोजच्या वापराच्या सावलीमुळेही होते. ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’पुढे तिने ‘नकारात्मक प्रबलन’ लिहून उदाहरण दिले होते: गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला ओरडा बसतो. ही शिक्षा झाली. प्रबलनाने वर्तन वाढते. इथे निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेणे. गाडीत पट्टा लावला की टुकटुक थांबते, म्हणून पट्टा लावणे वाढते. ‘नकारात्मक’ला आज ‘नकारात्मक विचार’चा वास लागला आहे. ‘ऋण प्रबलन’ म्हटले की गणितातली वजाबाकी डोळ्यांसमोर येते, आणि इथे हवी तीच.

वहीची परीक्षा कशी घ्यायची? इंग्रजी रकाना हाताने झाकायचा आणि फक्त मराठी वाचून मूळ संज्ञा सांगायची. दोन संज्ञा सुचल्या, तर शब्द बदलायचा किंवा त्यापुढे फरक सांगणारे वाक्य लिहायचे. मग एक नवे उदाहरण घेऊन ते कोणत्या ओळीत बसते ते पाहायचे. मी तिला विचारले, ‘मोबाइल खिशात नसताना मांडीवर थरथरल्यासारखे वाटले, तर?’ तिने दोन्ही प्रश्न स्वतःशी म्हटले. समजूत नाही, जाणीव आहे. बाहेर काही? ती थांबली. ‘पँट मांडीला घासली असेल तर संवेदनभ्रम,’ ती म्हणाली, ‘काहीच नसेल तर निर्वस्तुभ्रम.’ आणि ‘संभ्रम’वर तिने काट मारली.