एका अक्षरासाठी विद्यापीठाला अर्ज

सोनकांबळे हे आडनाव नांदेड-लातूरकडे गावोगावी आहे. मराठीत ते एकाच प्रकारे लिहिले जाते. इंग्रजीत मात्र दहावीच्या प्रमाणपत्रावर SONKAMBLE आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर SONKAMBALE असे छापून येऊ शकते. उच्चार तोच, पण नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत टेबलामागचा माणूस उच्चार ऐकत नाही, अक्षरे जुळवतो. एका जास्तीच्या A पायी हाती आलेली संधी अडून बसते.

आपली मुले अशा वेळी अर्जात ‘आमच्या नावाचा खरा उच्चार असा आहे’ हे पटवत बसतात. त्याचा उपयोग नाही. ‘बळे’ हे इंग्रजीत दोन्ही तऱ्हांनी लिहिता येते. म्हणून मागणी एवढीच करावी, की दहावीच्या प्रमाणपत्रात आहे तसेच नाव गुणपत्रिकेवर यावे.

अर्ज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्राचार्यांमार्फत द्यावा. मजकूर थोडका असावा :

‘मी बी.ए. तृतीय वर्षाची परीक्षा दिली. माझा परीक्षा क्रमांक, पीआरएन व परीक्षेचा हंगाम खाली दिला आहे. गुणपत्रिकेवर आडनाव SONKAMBALE असे छापले आहे. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ते SONKAMBLE असे हवे. गुणपत्रिकेबरोबरच माझ्या नोंदणीतही दुरुस्ती व्हावी, ही विनंती.’

यातले शेवटचे वाक्य विसरू नये. आपले परीक्षेचे प्रवेशपत्र काढून पाहावे. त्यावरही नाव चुकीचे असेल तर चूक छपाईतली नाही, नोंदणीतच बसलेली आहे. ती तिथे सुधारली नाही तर पुढच्या गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावरही तीच उतरेल. म्हणून जितक्या सत्रांच्या गुणपत्रिका चुकल्या, तितक्या सगळ्या एकाच अर्जात लिहाव्यात आणि हे काम पदवीचा अर्ज भरण्याआधी उरकावे.

दहावीच्या प्रमाणपत्रातच नाव चुकले असेल तर मात्र विद्यापीठ काही करू शकत नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांसाठी मंडळाचे विभागीय कार्यालय लातूरला आहे. तिथे शाळेमार्फत जावे लागते, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद हा तिथला मुख्य पुरावा. आधी लातूर, मग नांदेड, हा क्रम चुकला की दोन्हीकडचे हेलपाटे पदरी पडतात.

‘राजपत्रात छापून घ्या’ असा सल्ला कोणीही देतो. राजपत्र नाव बदलणाऱ्यासाठी असते. इथे नाव बदललेलेच नाही, ते चुकीचे छापले गेले आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महिने उलटूनही उत्तर आले नाही, तर तो क्रमांक लिहून 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारावे. त्याचे उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. आवक क्रमांक नसेल, तर अर्ज आलाच नव्हता असे म्हणायला कार्यालय मोकळे राहते.