सेन्सेक्स वर, समभाग खाली

२०१८ साल संपलं तेव्हा सेन्सेक्स वर्षभरात सुमारे सहा टक्के वाढलेला होता. त्याच वर्षात मुंबई शेअर बाजाराचा स्मॉलकॅप निर्देशांक वीस टक्क्यांहून अधिक घसरला. बातम्यांत बाजार तेजीत होता, आणि लहान कंपन्यांचे समभाग घेऊन बसलेल्यांचं भांडवल आटत होतं.

या विसंगतीचं मूळ निर्देशांकाच्या हिशेबात आहे. सेन्सेक्समध्ये फक्त तीस कंपन्या असतात आणि त्यांचा वाटाही सारखा नसतो. प्रवर्तकांकडचे समभाग वगळून बाजारात जे खरेदी-विक्रीसाठी खुले असतात, त्यांच्या एकूण मूल्यानुसार प्रत्येक कंपनीचं वजन ठरतं. ही पद्धत २००३ पासून लागू आहे.

समजा, दोन बड्या कंपन्यांचं वजन प्रत्येकी दहा टक्के आहे. एके दिवशी त्या दोन्ही तीन टक्क्यांनी वधारल्या, तर निर्देशांकात ०.६ टक्क्याची भर पडते. उरलेल्या २८ कंपन्यांचं मिळून वजन ८० टक्के. त्या सगळ्या अर्ध्या टक्क्याने घसरल्या, तर ०.४ टक्का वजा होतो. म्हणजे तीसपैकी अठ्ठावीस समभाग पडूनही निर्देशांक ०.२ टक्क्याने वर बंद होतो. ३६ हजारांच्या पातळीवर ही वाढ ७२ अंकांची.

२०१८ मध्ये असंच काहीसं घडलं. टीसीएस, रिलायन्ससारख्या मोजक्या बड्या समभागांनी निर्देशांक तोलून धरला. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस समूहाने कर्जफेड चुकवल्यावर पैशांची टंचाई जाणवू लागली आणि आधीच खचलेल्या लहान कंपन्यांना त्याची झळ बसली.

ही दरी टिपायला अॅडव्हान्स-डिक्लाइन रेशो उपयोगी पडतो. दिवसभरात वधारलेल्या समभागांच्या संख्येला घसरलेल्यांच्या संख्येने भागायचं. ८०० वाढले आणि १,७५० पडले, तर उत्तर येतं सुमारे ०.४६. एकापेक्षा कमी म्हणजे पडणाऱ्यांची संख्या जास्त. बाजाराच्या या फैलावालाच जाणकार मार्केट ब्रेड्थ म्हणतात. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. म्हणून रोज वाढलेल्यांतून घसरलेले वजा करून येणारी संख्या आधीच्या बेरजेत मिळवत जातात. निर्देशांक चढत असताना ही रेषा आठवडेच्या आठवडे उतरत राहिली, तर तेजी मोजक्या समभागांपुरती उरली आहे, असं समजावं.

या मोजणीला मर्यादाही आहेत. तिच्यात दहा पैशांनी घसरलेला आणि दहा टक्क्यांनी कोसळलेला समभाग सारखाच मोजला जातो. जेमतेम उलाढालीचे समभागही बड्यांच्या बरोबरीने धरले जातात. शिवाय निर्देशांक कधी पडेल, हे ती सांगत नाही. २०१९ मध्येही स्मॉलकॅप निर्देशांक खालीच आला आणि सेन्सेक्स मात्र सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. लहान समभागांची पडझड पाहून ज्यांनी २०१८ अखेर बडे समभागही विकले, ते या वाढीला मुकले.