वरची ओळ कापली गेली आणि हप्ता आठपट झाला

परीक्षा जवळ आली की माझ्या फोनवर तक्त्यांचे फोटो यायला लागतात. परवाचा फोटो संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या एका पानाचा होता. शिवणीजवळ पान वळलेलं, वरच्या भागावर हाताची सावली. उदाहरण गाडीच्या विम्याचं होतं. एका वर्षात एका पॉलिसीवर किती रुपयांचा क्लेम येऊ शकतो आणि त्याची संभाव्यता किती, एवढंच त्या तक्त्यात होतं. आकडे अर्थात सरावापुरते.

| क्लेम (रुपये) | संभाव्यता |
|---|---|
| १०,००० | ०.०६० |
| ३०,००० | ०.०३५ |
| ८०,००० | ०.०१५ |
| २,००,००० | ०.००७ |
| ५,००,००० | ०.००३ |

खाली फोटो पाठवणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, "सर, अपेक्षित क्लेम ४७,९१७ येतोय. एवढा हप्ता कोण भरेल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर पटत नाही हे तिच्या लक्षात आलं, इथेच निम्मं काम झालं होतं. मग तिने कसं केलं ते विचारलं. संभाव्यतांची बेरीज १ यायला हवी हे तिला माहीत होतं, पण इथे ती ०.१२ येत होती. म्हणून तिने गुणाकारांची बेरीज ०.१२ ने भागली. इथूनच पहिला गैरसमज सुरू होतो.

गैरसमज: क्लेम नसलेली ओळ असली काय, नसली काय, सारखंच.

शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, मग ती ओळ हवी कशाला, असं वाटतं. बेरजेत ती काही भर घालत नाही हे खरं. पण शंभरातल्या ८८ गाड्यांवर वर्षभरात एकही क्लेम येत नाही, ही माहिती त्याच ओळीत असते. फोटोत कापली गेली होती ती नेमकी हीच: क्लेम ०, संभाव्यता ०.८८०. ती जागेवर ठेवली की बेरीज १ होते आणि भागाकाराची गरजच उरत नाही. प्रत्येक रक्कम तिच्या संभाव्यतेने गुणायची आणि बेरीज करायची:

६०० + १,०५० + १,२०० + १,४०० + १,५०० = ५,७५० रुपये

हा एका पॉलिसीमागचा अपेक्षित क्लेम-खर्च. तिने काढलेले ४७,९१७ रुपयेही निरर्थक नाहीत. क्लेम आलाच तर तो सरासरी केवढा असेल, हे त्यातून कळतं. त्याला ०.१२ ने गुणलं की पुन्हा ५,७५० च येतात. पण हप्ता सगळेच भरतात, क्लेम न करणारे ८८ जणसुद्धा. त्यामुळे त्यांना हिशेबाबाहेर ठेवून हप्ता ठरवता येत नाही.

'अपेक्षित' हा शब्दही इथे घोळ घालतो. ५,७५० रुपयांच्या क्लेमची कोणी अपेक्षा करत नाही, तक्त्यात तशी रक्कमच नाही. खूप पॉलिसी एकत्र घेतल्या तर दर पॉलिसीमागे सरासरी एवढा खर्च पडेल, इतकाच त्याचा अर्थ.

गैरसमज: बेरीज १ आली म्हणजे तक्ता बरोबर वाचला.

हा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण यात चूक दिसतच नाही. समजा, शेवटच्या ओळीतला ०.००३ अंधुक फोटोत ०.०३ असा वाचला. वरची ओळ दिसत असती तर बेरीज १.०२७ आली असती आणि चूक लगेच पकडली गेली असती. पण वरची ओळ कापलेली असली की बहुतेक जण ती वजाबाकीने भरतात: १ उणे ०.१४७, म्हणजे ०.८५३. आता बेरीज १ येणारच, तुम्हीच ती तशी जुळवून घेतली आहे. दरम्यान अपेक्षित खर्च ५,७५० वरून थेट १९,२५० वर गेलेला असतो.

अशा वेळी संभाव्यतांचा उतार बघावा. इथे रक्कम वाढत जाते तशी संभाव्यता घटत जाते: ०.०६०, ०.०३५, ०.०१५, ०.००७. यानंतर एकदम ०.०३ आला तर थांबायला हवं. दोन लाखांच्या क्लेमपेक्षा पाच लाखांचा क्लेम चौपटीने अधिक वेळा कसा येईल? शिवाय वरचे सगळे आकडे तीन दशांश स्थळांचे आणि हा एकटाच दोन स्थळांचा. तक्त्याच्या डोक्यावर 'रक्कम हजारांत' असं बारीक अक्षरांत लिहिलंय का, तेही फोटो मोठा करून पाहावं.

गैरसमज: हजारात तीनदा येणारा क्लेम सोडून दिला तरी चालेल.

वरची बेरीज पुन्हा बघा. दहा हजारांचा क्लेम सर्वांत जास्त वेळा येतो, पण त्याचा वाटा फक्त ६०० रुपये. पाच लाखांचा सर्वांत विरळा आणि त्याचा वाटा सर्वांत मोठा, १,५०० रुपये. शेवटची ओळ गाळून हप्ता काढणारी कंपनी चौथ्या हिश्शाहून अधिक खर्च विसरते. शंभरच पॉलिसी असतील तर ५,७५० च्या हिशेबाने ५,७५,००० रुपये जमतात. त्यातले पाच लाख एकाच मोठ्या क्लेममध्ये जातात, आणि शंभर पॉलिसींत वर्षभरात असा निदान एक क्लेम येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के आहे. दहा हजार पॉलिसी असल्या की सरासरी ५,७५० च्या आसपास स्थिरावते. याकोब बर्नुलीच्या १७१३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात मांडलेला मोठ्या संख्यांचा नियम तो हाच. मात्र गाड्यांचं नुकसान एकमेकांपासून स्वतंत्र असायला हवं. एकाच पुरात शहरभरच्या गाड्या बुडाल्या तर हा आधार राहत नाही.

गैरसमज: वाजवी हप्ता ५,७५०, त्यावरचं सगळं कंपनीची लूट.

गणिताच्या भाषेत वाजवी म्हणजे अपेक्षित खर्चाइतका. त्याला शुद्ध हप्ता म्हणतात. पण सर्व्हेअर, एजंटचं कमिशन, कार्यालय आणि वाईट वर्षासाठीची राखीव रक्कम हे सगळं हप्त्यातूनच भागवावं लागतं. मुलीच्या उदाहरणात हे सारं मिळून 'हप्त्याच्या ३० टक्के' दिलं होतं. इथे जवळपास प्रत्येक जण ५,७५० ला १.३० ने गुणून ७,४७५ लिहितो. पडताळून पाहा: ७,४७५ चे ३० टक्के २,२४२.५० रुपये. ते वजा केले की क्लेमसाठी ५,२३२.५० उरतात, म्हणजे दर पॉलिसीमागे ५१७.५० कमी पडतात. क्लेमसाठी हप्त्याचे ७० टक्केच उरणार असतील तर ५,७५० ला ०.७० ने भागायचं: ८,२१४ रुपये. प्रश्नात 'अपेक्षित खर्चाच्या ३० टक्के' असं असेल तरच गुणाकार बरोबर. प्रत्यक्षात काही खर्च हप्त्याच्या प्रमाणात नसतो, प्रत्येक पॉलिसीमागे ठरावीक असतो. तो भागाकाराच्या आधी ५,७५० त मिळवतात. पॉलिसीच्या कागदावर दिसणारा १८ टक्के जीएसटी या सगळ्यानंतर लागतो आणि सरकारकडे जातो.

हे गणित आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाला लागू पडतं. थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार जाहीर करतं.

संध्याकाळी तिने उजेडात काढलेला नवा फोटो पाठवला. वरची ओळ आता दिसत होती आणि पानाच्या तळाचा उपप्रश्नही: प्रत्येक क्लेममधले पहिले १०,००० रुपये गाडीमालकाने सोसायचे ठरले तर हप्ता किती? तिने फक्त दहा हजारांची ओळ खोडून ६०० रुपये कमी केले होते. पण ८०,००० च्या क्लेममध्येही कंपनी आता ७०,०००च देणार. बचत पाचही ओळींत होते: १०,००० गुणिले ०.१२, म्हणजे १,२०० रुपये. अपेक्षित खर्च ४,५५० वर येतो, आणि ०.७० ने भागल्यावर हप्ता ६,५०० रुपये.