नागीण गेली, आग राहिली

नागिणीचे फोड सुकतात, खपल्या पडतात, कातडीवर फिकट डाग तेवढे उरतात आणि घरातले म्हणतात, सुटलात एकदाचे. पण साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांचं खरं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो. तो पुन्हा उठला की नागीण होते, आणि जाताना ती नस दुखावून जातो. दुखावलेली नस मग कारण नसताना मेंदूला वेदनेचे निरोप पाठवत राहते. (नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती अजून ऐकू येते. विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका नसेच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे टोकं बहुधा जुळतच नाहीत, आणि जुळली तरी त्याने माणूस मरत नाही.)

समजा, सत्तरीच्या एक आजी आहेत. उजव्या छातीखालून बरगडीच्या रेषेत पाठीपर्यंत नागीण होऊन चार महिने झाले. आत सणक येते ती वेगळीच, पण ब्लाउजची शिवण घासली तरी चटका बसतो. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी त्यांना गरगरतं, झोपेची गुंगी दिवसभर उतरत नाही. दुखणं एवढ्याशा पट्ट्यात आहे, मग औषध अंगभर कशाला, असा विचार करून डॉक्टर लिडोकेनची पट्टी लिहून देतात. दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे औषध. आपल्याकडे पाकिटावर पुष्कळदा लिग्नोकेन असं नाव असतं.

पाच टक्क्यांची ही पट्टी साधारण पोस्टकार्डाएवढी, 10 बाय 14 सेंटिमीटरची असते. ती लावली की भाग दाताच्या इंजेक्शनसारखा बधिर होईल, असं आजींना वाटतं. तसं होत नाही. स्पर्श कळत राहतो. औषध कातडीत मुरून बिथरलेल्या नसांच्या टोकांना शांत करतं, रक्तात फार थोडं जातं. जिथे शिवण घासते तिथे पट्टी आड येते, हाही फायदा आहेच.

पट्टी कुठे लावायची हे आजींनीच ठरवायचं. कापसाचा बोळा हळूच फिरवत जायचं, आणि जिथून तो नकोसा वाटू लागतो तिथे बॉलपेनने हलकी खूण करायची. डाग दिसतो तो भाग आणि दुखतो तो भाग दर वेळी एकच असेल असं नाही. पट्टी मागचा प्लास्टिकचा पापुद्रा काढण्यापूर्वी कात्रीने खुणेच्या आकाराची कापायची. कातडी कोरडी हवी. तेल, पावडर, क्रीम काही नको. तिथे केस असतील तर कात्रीने बारीक करायचे, वस्तरा फिरवायचा नाही, कारण वस्तऱ्याने न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि चिरलेल्या कातडीतून औषध नको तितकं आत जातं. याच कारणाने ओल्या फोडांवर, जखमेवर किंवा चिघळलेल्या जागी ही पट्टी चालत नाही.

बारा तास लावायची, बारा तास काढून ठेवायची, हा नियम. आजींना त्रास दिवसा, कपड्यांमुळे होतो. म्हणून त्यांनी आंघोळीनंतर अंग निवल्यावर सकाळी आठला लावावी आणि रात्री आठला काढावी. ज्यांची झोप मोडते त्यांनी उलटं करावं. एका वेळी तीनपेक्षा जास्त पट्ट्या नकोत, आणि डॉक्टरांनी एक सांगितली असेल तर एकच. पट्टीवर शेकाची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर आत शिरतं, आणि आपल्या घरांत शेक हा दुखण्यावरचा पहिला उपाय असल्यामुळे हे मुद्दाम सांगायला हवं.

पट्टीखाली थोडी लाली आली आणि काढल्यावर काही तासांत गेली तर घाबरू नये. आग होऊ लागली तर पट्टी काढावी आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत पुन्हा लावू नये. फोड किंवा अंगभर पुरळ आलं तर ती बंदच. ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई, चक्कर, नाडी मंदावणं ही औषध रक्तात जास्त गेल्याची खूण. पट्टी काढून तडक डॉक्टर गाठावा. यकृताचा मोठा आजार असेल किंवा हृदयाचे ठोके नियमित ठेवण्याची गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगितलं पाहिजे. मूळव्याधीच्या काही मलमांतही हेच औषध असतं, तेही हिशेबात धरायचं.

काढलेल्या पट्टीत निम्म्याहून कितीतरी अधिक औषध शिल्लक असतं. नातवंडाने ती चघळली तर जिवावर बेतू शकतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि पोरांचा, मांजराकुत्र्याचा हात-तोंड पोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाकायची.

दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर पट्टी रेटत राहण्यात अर्थ नाही. मग कधी कधी कॅप्सेसिनचं मलम निघतं. मिरचीला तिखटपणा देणारा पदार्थ तो हाच. तो उष्णता ओळखणाऱ्या नसांच्या टोकांना आधी चेतवतो, म्हणून आग होते; रोज चेतवून चेतवून ती टोकं थकतात आणि वेदनेचे निरोप कमी करतात. नसेवरचं जे दार तो उघडतो, ते डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधलं आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लोकांची गफलत इथेच होते. दुखलं की बाम चोळावा तसं ते हे मलम अधूनमधून लावतात, आग होते, आणि औषध सोसत नाही म्हणून ट्यूब फेकून देतात. खरं तर ते रोज तीन-चार वेळा, नेमाने, पातळ थरात लावायचं असतं. खंड पडला की टोकं पुन्हा ताजीतवानी होतात आणि आग पहिल्यापासून सुरू. सुरुवातीची जळजळ हळूहळू ओसरते, खरा गुण यायला मात्र काही आठवडे जातात. गुडघ्याच्या संधिवातावर 0.025 टक्क्यांचं आणि नसेच्या दुखण्यावर 0.075 टक्क्यांचं मलम वापरतात. आखडलेल्या मानेला किंवा लचकलेल्या कमरेला या दोन्ही औषधांचा आधार तोकडाच आहे. तिथे मी फार आशा दाखवणार नाही.

शक्यतो हातमोजा घालून लावावं, नंतर हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही, ते तेलात विरघळतं. फारच झोंबलं तर तेलाच्या बोळ्याने पुसून मग साबण लावावा. डोळ्यांना, नाकाला, तोंडाला हात नको. लावण्याआधी आणि नंतर कढत पाण्याची आंघोळ नको, वरून घट्ट पट्टा किंवा शेकही नको. जळजळ अपेक्षित आहे, फोड अपेक्षित नाहीत. फोड म्हणजे भाजलं, तिथे थांबायचं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हे लावू नये, कारण भाजलं तरी त्यांना कळणार नाही.

एकाच जागी पट्टी आणि मलम दोन्ही स्वतःच्या मनाने लावायचं नाही. हेही लागू पडलं नाही, तर आठ टक्क्यांची कॅप्सेसिनची पट्टी काही देशांत वेदनातज्ज्ञ दवाखान्यातच लावतात, एरवी तासभर आणि पायांना अर्धा तास. तिचा असर साधारण तीन महिने टिकू शकतो. ती घरी लावायची वस्तू नव्हे.