बादलीतली वाकडी पट्टी

स्टीलची बादली पाण्याने भरा आणि तिच्यात तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी तिरकी बुडवा. परवा मी हे पुन्हा एकदा करून पाहिलं. पाणी लागतं तिथेच पट्टी मोडल्यासारखी दिसते आणि बुडालेला भाग वर उचलल्यासारखा वाटतो. बारकाईने पाहिलं तर पाण्याखालचे सेंटिमीटरही वरच्यांपेक्षा आखूड दिसतात. पण बोट फिरवलं, तर पट्टी टोकापर्यंत सरळ लागते.

आता प्रश्न असा, की मला दिसतं ते नेमकं काय? साधा माणूस म्हणेल, पट्टी! डोळे उघडले की वस्तूच दिसते, मध्ये काही नसतं. या मताला तत्त्वज्ञानात प्रत्यक्ष वास्तववाद म्हणतात. प्रतिरूपवाद म्हणतो, वस्तू बाहेर आहे हे खरं, पण थेट हाती येतं ते तिचं मनातलं प्रतिरूप. वस्तू आपल्याला त्याच्यामार्फत कळते. हा वाद आपल्याकडेही जुना आहे. बौद्धांपैकी वैभाषिक म्हणत, बाह्य वस्तू प्रत्यक्ष दिसते. सौत्रांतिक म्हणत, ज्ञानातल्या आकारावरून तिचं अनुमान करावं लागतं.

प्रतिरूपवादाचं जुनं हत्यार म्हणजे भ्रमाचा युक्तिवाद. ए. जे. एअर यांच्या १९४० सालच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच त्यावर आहे. तो असा चालतो: मला काहीतरी वाकडं दिसतंय. वाकडं दिसतंय, तर वाकडं असं काहीतरी माझ्यापुढे असलंच पाहिजे. पट्टी तर सरळ आहे. म्हणजे मला दिसतं ते पट्टी नव्हे, मनातलं काहीतरी. आणि पाण्याबाहेरची पट्टी पाहण्याचा अनुभव याच जातीचा आहे, मग तेव्हाही मनातलंच काहीतरी दिसत असणार.

पाय घसरतो तो दुसऱ्या पायरीवर. सरळ वस्तू वाकडी दिसली, तर वाकडी वस्तू कुठेतरी असलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांनी आपल्या व्याख्यानांत इथेच बोट ठेवलं. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवून दिली. पाण्यातली सरळ काठी ही बाहेरच्या वाकड्या काठीसारखी हुबेहूब दिसतच नाही, कारण सोबत पाणीही दिसत असतं.

मला यात एक भर घालावीशी वाटते. बादलीचा फोटो काढा. फोटोतही पट्टी वाकडीच येते. कॅमेऱ्याला मन नाही, म्हणजे हा वाकडेपणा मनातला नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून पट्टी तिथून तशी दिसते. दिसते ती मात्र पट्टीच. सगळेच भ्रम कॅमेऱ्यात सापडत नाहीत. दोन सारख्या रेघा टोकांच्या बाणांमुळे लहानमोठ्या वाटतात, तो परिणाम आपल्या दृष्टीचा आहे. पण तिथेही समोर रेघा असतात आणि त्याच तशा दिसतात.

खरी अडचण निर्वस्तुभ्रमाची, म्हणजे समोर काहीच नसताना दिसण्याची. १७६० मध्ये जिनीव्हाच्या शार्ल बोने यांनी आपले आजोबा शार्ल ल्यूलँ यांची हकिकत छापली. त्यांची दृष्टी फार अधू झाली होती. त्यांना माणसं दिसत, पक्षी दिसत, इमारती दिसत. वृद्धाची बुद्धी शाबूत होती आणि हे खरं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी दिसणं थांबेना.

इथे ‘तीच वस्तू वेगळी दिसते’ हे उत्तर चालत नाही, कारण वस्तूच नाही. प्रतिरूपवादी म्हणतो: खरा पक्षी पाहताना मेंदूत जे घडतं, तेच पक्ष्याविना घडवलं, तर अनुभव तोच येईल. दुसऱ्या वेळी पक्षी अनुभवाचा भाग नव्हता, तर पहिल्या वेळी तरी कसा असेल?

यावर जे. एम. हिंटन यांनी १९६७ मध्ये दिलेलं उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मला पक्षी दिसतोय’ याचा अर्थ, एकतर मी पक्षी पाहतोय, किंवा पाहतोय असं मला नुसतं वाटतंय. दोन्ही स्थिती आतून वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून त्या एकच ठरत नाहीत. खरी नोट आणि हुबेहूब बनावट नोट हातात घेऊन मला फरक कळत नाही, म्हणून दोन्ही नोटा एका जातीच्या होत नाहीत. एक सरकारी छापखान्यातून आलेली असते.

पण या उत्तरालाही किंमत मोजावी लागते. ल्यूलँना पक्षी दिसल्यासारखं वाटायला त्यांच्या मेंदूतली घडामोड पुरेशी होती. खरा पक्षी पाहतानाही तशीच घडामोड होते. मग ती तिथेही एकटीच पुरेशी का नसावी, आणि पक्ष्याने आणखी काय केलं? एम. जी. एफ. मार्टिन यांनी हा प्रश्न हिंटनच्याच बाजूने उभं राहून घेतला. त्यांचं म्हणणं, निर्वस्तुभ्रमाबद्दल फार काही सांगताच येत नाही. तो खऱ्या पाहण्यापासून आतून वेगळा ओळखता येत नाही, एवढीच त्याची ओळख. ल्यूलँना जे दिसत होतं, त्याचं एवढंच वर्णन पुरे आहे का, यावर दोन्ही पक्ष आजही अडून आहेत.