पावसाळी सकाळी सोलर बंद: बिघाड इन्व्हर्टरचा की गच्चीवरच्या वायरीचा?

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की सिडको, गारखेडा, सातारा परिसरातल्या गच्च्यांवरून एकच तक्रार येऊ लागते. सकाळी ऊन पडलेले असते, पण सोलरचा इन्व्हर्टर सुरू होत नाही. लाल दिवा लागलेला असतो आणि पडद्यावर `PV Isolation Low`, `Isolation Failure` किंवा `PV ISO-PRO 01` असे काहीतरी दिसते. काही कंपन्या त्यालाच अर्थ फॉल्ट म्हणतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे आता असे इन्व्हर्टर गल्लोगल्ली बसले आहेत. त्यांच्याबरोबर चुकीचे सल्लेही पसरले आहेत आणि त्यातले काही जिवावर बेतू शकतात.

सर्वांत जास्त ऐकू येते ते असे: ‘इन्व्हर्टर गेला, बदलून घ्या.’ मुळात हा इशारा दिसतो तो बहुतेक वेळा इन्व्हर्टर चांगला असल्यामुळेच. रोज सकाळी महावितरणच्या लाइनला जोडले जाण्याआधी इन्व्हर्टर स्वतःहून एक चाचणी घेतो. पॅनलकडून येणाऱ्या प्लस आणि मायनस वायरी जमिनीपासून, म्हणजे अर्थपासून, पुरेशा अलग आहेत का, हे तो मोजतो. वायरीचे वेष्टन शाबूत असेल तर हा रोध मेगओहममध्ये भरतो. तो कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की इन्व्हर्टर सुरू व्हायला नकार देतो. याचा अर्थ गच्चीवर कुठेतरी वीज वायरीतून निसटून लोखंडी सांगाड्याकडे किंवा ओल्या स्लॅबकडे वाट काढते आहे. इन्व्हर्टरच्या आतला दोषही कधीकधी निघतो, पण त्याचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

ही वाट तयार कशी होते, हे आपल्याकडच्या हवेत सहज समजते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. साध्या प्लास्टिकच्या केबल टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात आणि पॅनलखाली बांधलेली वायर लोंबू लागते. वाऱ्याने ती जीआय सांगाड्याच्या धारेवर घासत राहते. कोरड्या दिवसांत काहीच कळत नाही. पाऊस आला की घासलेल्या जागी पाणी बसते आणि गळती सुरू होते. दोन पॅनल जोडणारे एमसी-४ कनेक्टर नीट दाबून बसवलेले नसतील, किंवा एका बाजूला एका कंपनीचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कंपनीचा लावला असेल, तर त्यातही पाणी शिरते. असा कनेक्टर स्लॅबवर साचलेल्या पाण्यात पडून असेल तर विचारायलाच नको. उंदीर आणि खारीने कुरतडलेली वायर, पॅनलच्या क्लॅम्पखाली चिमटलेली वायर, पाणी भरलेला पीव्हीसी पाइप आणि डीसी पेटीतला निकामी झालेला सर्ज प्रोटेक्टर ही उरलेली नेहमीची कारणे.

‘अर्थिंग कमजोर आहे, खड्ड्यात मीठ-पाणी टाका,’ हा दुसरा सल्ला. आपले शहर काळ्या बेसॉल्ट खडकावर वसले आहे, त्यामुळे इथे चांगले अर्थिंग मिळवणे अवघड जाते, हे खरे. म्हणून या सल्ल्यावर पटकन विश्वास बसतो. पण खड्डा कितीही चांगला केला तरी फाटलेले वेष्टन सांधले जात नाही. अर्थची वायर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर सैल असेल तर मात्र काही इन्व्हर्टर हाच इशारा देतात. ती तंत्रज्ञाकडून जरूर तपासून घ्यावी.

‘दुपारी आपोआप सुरू होतो, मग काळजी कशाला?’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अकरा-बारापर्यंत ओल वाळते, रोध वाढतो आणि इन्व्हर्टर चालू होतो. वायर मात्र तिथेच फाटलेली असते. एका जागी गळती असताना दुसऱ्या जागीही वेष्टन गेले, तर प्रवाहाला सांगाड्यातून पूर्ण वाट मिळते आणि ठिणगी पेटू शकते. डीसी विजेची ठिणगी सहजी विझत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहरात एप्रिल २००९मध्ये एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली, ती याच क्रमाने. एका वायरीतली पहिली गळती इतकी छोटी होती की फ्यूज उडाला नाही. ती कुणाच्या लक्षात न येता तशीच राहिली आणि पुढे दुसऱ्या वायरीत दोष निर्माण झाला. दुपारी इशारा नाहीसा होणे हे दुरुस्तीचे नव्हे, निदानाचे लक्षण आहे: ओल्या सकाळी बंद आणि कोरड्या दुपारी चालू, म्हणजे वायर किंवा कनेक्टर. भर उन्हातही इशारा जात नसेल, तर चिमटलेली वायर किंवा जळालेला सर्ज प्रोटेक्टर यांचा संशय आधी घ्यावा.

आता घरच्या माणसाने काय करावे? पडद्याचा फोटो, वेळ आणि रात्री पाऊस होता का, एवढे टिपून ठेवावे. तंत्रज्ञाला याचा फार उपयोग होतो. कोरड्या हातांनी, चप्पल घालून, आधी एसी बाजूचा एमसीबी आणि मग इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद करावा. जळका वास असेल किंवा पेटीत पाणी शिरले असेल तर तिथेही हात लावू नये. डीसी पेटीचे झाकण पारदर्शक असेल तर बाहेरूनच सर्ज प्रोटेक्टरची खिडकी पाहावी. हिरवी लाल झाली असेल तर तो गेला. गच्चीवर लोंबणारी वायर, पाण्यात पडलेला कनेक्टर लांबूनच पाहावा. पॅनल किंवा सांगाड्याला हात लावू नये आणि त्या दिवशी पॅनल धुऊ नयेत.

कारण ‘स्विच बंद केला, आता वायर मेली’ हेही खरे नाही. उजेड आहे तोवर पॅनल वीज तयार करतच राहतात. साध्या तीन किलोवॉटच्या संचातही गच्चीवरच्या वायरीत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. सांगाड्याचे अर्थिंग तुटलेले असेल तर तोही जिवंत असू शकतो.

पुढचे काम तंत्रज्ञाचे, पण तो ते कसे करतो हे माहीत असलेले बरे. समजा सहा पॅनल एका ओळीत जोडले आहेत आणि स्विच बंद असताना एकूण दाब २८८ व्होल्ट आहे, म्हणजे दर पॅनलला ४८. तो प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असा दाब मोजतो. वेष्टन चांगले असेल तर दोन्ही आकडे हळूहळू शून्याकडे घसरतात. इथे मात्र प्लसला १९२ आणि मायनसला ९६ व्होल्ट ठाम दिसतात. १९२ भागिले ४८, म्हणजे चार. दोष प्लसकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनलच्या मधल्या जोडावर आहे. सगळी गच्ची उचकायची गरज पडत नाही. हे मोजमाप ओल सुकण्याआधी व्हायला हवे, म्हणून त्याला सकाळीच बोलवावे. दुपारी आलेला माणूस ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत जाईल. नुसता मल्टिमीटर ओहमवर लावून ‘वायर चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. उजेडातल्या पॅनलवर तो आकडा निरर्थक असतो. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये मर्यादा खाली आणून इशारा घालवणाऱ्याला तर गच्चीवर चढूच देऊ नका.

जोड बदलल्यावर खात्री मेगरने करायची, तीही इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून. तीनशे व्होल्टच्या ओळीला ५०० व्होल्टची चाचणी लागते आणि रोध किमान १ मेगओहम यायला हवा. महावितरणकडे तक्रार करून उपयोग नाही, कारण दोष त्यांच्या मीटरच्या अलीकडे, तुमच्या छतावर आहे. सूर्यघर योजनेतून बसवलेल्या संचाची पाच वर्षांची देखभाल ज्याने तो बसवला त्याच्याकडेच असते. त्याच्याकडून मेगरचा आकडा तारखेसह लिहून घ्या.