बजेटमध्ये न बसणारा स्टार
(लेखमाला : निर्णयाचं गणित, भाग ७)

लिनियर प्रोग्रामिंगला तीन गोष्टी लागतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं: काय ठरवायचं, काय वाढवायचं आणि कोणत्या अटी पाळायच्या. फँटसी क्रिकेटमध्ये तिन्ही आयत्या मिळतात. २२ जणांतून ११ निवडायचे, अपेक्षित गुणांची बेरीज वाढवायची आणि खर्च १०० क्रेडिटच्या आत ठेवायचा. खेळाडू घेतला तर १, नाही तर ०.

खरं तर अकराही जागा एकदमच सोडवायच्या असतात, पण मेख कळण्यासाठी शेवटच्या तीनच पाहू. समजा, आठ जण ठरले, ७३ क्रेडिट खर्च झाले. आता २७ क्रेडिटमध्ये तीन फलंदाज हवेत.

| फलंदाज | क्रेडिट | अपेक्षित गुण |
|---|---|---|
| अ | १०.५ | ६१ |
| ब | ९.५ | ५२ |
| क | ९ | ५० |
| ड | ८.५ | ४५ |
| इ | ८ | ४० |

आपण सहसा सर्वाधिक गुणांचा अ आधी घेतो, मग ब. २० क्रेडिट संपतात, उरलेल्या ७ मध्ये कुणीच येत नाही. एका क्रेडिटमागे किती गुण, या हिशेबाने अ आणि क घेतले तरी ७.५ उरतात आणि तिसरी जागा रिकामीच राहते.

आता लिनियर प्रोग्रामिंगला विचारू. चलांना ० ते १ मधली कोणतीही किंमत चालेल असं म्हटलं, तर उत्तर येतं: क आणि ड पूर्ण, अ ०.६, इ ०.४. गुण १४७.६. पण ०.६ फलंदाज मैदानात उतरत नाही. पूर्णांकात आणायला अ ला १ आणि इ ला ० केलं, तर खर्च २८ होतो, बजेट फुटतं.

तरी हे उत्तर वाया जात नाही. कोणताही खरा संघ १४७.६ च्या वर जाणार नाही, ही कमाल मर्यादा त्यातून कळते. आता अडलेल्या अ वरून दोन फाटे फोडायचे. अ घ्यायचाच ठरवला, तर सोबत ड आणि इ एवढेच परवडतात: १४६ गुण. अ सोडला, तर ब, क, ड बरोबर २७ मध्ये बसतात: १४७. दोन्ही फाट्यांत पूर्ण खेळाडू मिळाले, म्हणून शोध इथेच संपला. १९६० मध्ये लँड आणि डॉइग यांनी मांडलेली ‘ब्रँच अँड बाउंड’ पद्धत ती हीच. पहिल्या उत्तरात ब ला चक्क शून्य होतं, हे विसरू नका. म्हणूनच नुसतं जवळच्या पूर्णांकात आणून भागत नाही.

मात्र गणित अचूक असलं तरी अपेक्षित गुण हा अंदाजच असतो. अ चे ६१ ऐवजी ६३ धरा: अ, ड, इ यांचे १४८ होतात आणि संघ बदलतो. म्हणून अंदाज दोन-चार गुणांनी हलवून पुन्हा सोडवून पाहावं. प्रत्येक वेळी टिकून राहणाऱ्या खेळाडूवर भरवसा ठेवावा. इथे तो ड आहे.

पुढील भागात: कर्णधाराचे दुप्पट गुण या गणितात कसे बसवायचे?